तिला जेवढं, तेवढं मला

आमच्या समोरच्या घरात दोन जावा एकाच ओट्यावर स्वयंपाक करतात आणि त्याच ओट्यावर जोर काढतात. जोराचा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, थोरलीला भोवळ आली आणि ती ओट्याची कड धरून खाली चाललीय. मी घाबरून आमच्या हिला हाक मारली. ही खिडकीशी आली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "पडत नाहीये, व्यायाम करतेय. आणि तुम्ही दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात डोकावणं बंद करा." असं म्हणून ती स्वतः मात्र तिथून हलेना.

मी डोकावत नाही. त्यांची खिडकी माझ्या खुर्चीसमोर आहे, त्याला मी काय करणार? आणि खिडकीतून जे दिसत नाही ते त्या घरची सासू आणून देते. साखर मागायला म्हणून येते, तासभर बसते, आणि साखर इथेच विसरून जाते. तेव्हा पुढे जे सांगतोय त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आणि निम्मं सासूच्या तोंडचं आहे. तिखटमीठ तिचं. माझा त्याच्याशी संबंध नाही.

तर थोरली. अंगानं भक्कम, हाताला काम आणि जिभेला धार. तिच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं, पोती उचलण्यात बालपण गेलेलं. गॅसची टाकी संपली की नवऱ्याला हाक न मारता ती भरलेली टाकी गुडघ्यानं सरकवत, एका दमात जागेवर बसवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं जग म्हणजे कुकरच्या एका शिटीपासून दुसऱ्या शिटीपर्यंत. त्या जगाची मात्र ती महाराणी. मीठ कुठे, चाळणी कुठे, कोणाला पोळी मऊ लागते, कोणाला कडक, सगळं तिच्या डोक्यात.

आणि धाकटी. फुंकर मारली तर दोरीवरच्या कपड्यासारखी हलेल अशी. सकाळी उशिरा उठणार, कांदा जाड चिरणार, आणि ताटं वाढली की पुरुषमाणसांच्या आणि मुलांच्या पंगतीत खुशाल मांडी घालून बसणार. थोरलीला ते पहिल्या दिवसापासून खुपायचं. "आम्ही नाही बाई असं बसलो कधी," ती सासूला म्हणायची. सासू म्हणायची, "तुला कोणी उभं राहायला सांगितलं होतं?" पण हे थोरलीला ऐकू यायचं नाही. तिचे कान सोयीचे होते.

आता या दोघींची नणंद. ही बायकांना व्यायाम शिकवते, रीतसर शिक्षण घेतलेली आहे. दोन-तीन भागांत तिचे वर्ग चालतात. गेल्या सुट्टीत माहेरी आली तेव्हा जेवता जेवता म्हणाली, "आपल्या गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये सकाळची तुकडी सुरू करायचीय. मला रोज येणं जमणार नाही. दोघी वहिन्यांपैकी एकीला तयार करते. यंत्रं नाहीत, वजनं नाहीत, नुसतं आपलं अंग. बैठका, जोर, फळीसारखं ताठ राहणं. जी जमिनीवरून पाच जोर स्वच्छ काढेल, कंबर न झुकवता, ती तुकडी चालवेल."

थोरलीनं त्या क्षणी पातेलं खाली ठेवलं. उंबऱ्याबाहेर तिचं म्हणावं असं काही आजवर नव्हतंच. आता गल्लीतल्या बायका तिच्या समोर ओळीनं उभ्या राहणार, आणि ती म्हणणार, "पाठ सरळ!" आणि पंधरा पाठी सरळ होणार. हे चित्र तिला इतकं स्पष्ट दिसलं की दुसऱ्याच दिवशी तिनं पांढरे बूट विकत आणले. सासू म्हणाली, "परीक्षेआधीच पेढे!" पण मनातून सगळ्यांना खात्री होती की तुकडी थोरलीचीच. टाकी उचलणाऱ्या बाईला जोर काय अवघड?

नणंदेनं क्रम लावून दिला. आधी भिंतीला हात टेकून जोर, मग ओट्याला, मग स्टुलाला, आणि शेवटी जमिनीवर. हात जितके खाली, तितकं अंग जड. एक दिवस व्यायाम, एक दिवस विश्रांती. जाताना जेवणाबद्दलही बोलली. पण तेव्हा थोरली पोळ्या लाटत होती आणि एका कानानं कुकरच्या शिट्या मोजत होती. तिनं ऐकलं ते एवढंच: खाण्याकडे लक्ष द्या. बाकीचं तिनं स्वतःच्या अकलेनं भरून काढलं. भात बंद. रात्रीची पोळी बंद. सकाळी बिनसाखरेचा काळा चहा आणि त्यावर व्यायाम. दुपारी सगळ्यांचं आटोपल्यावर उरेल ते. रात्री काकडी. "मी आता कडक पाळतेय," ती आमच्या हिला अभिमानानं सांगायची.

सुरुवातीला तीच पुढे होती. भिंतीवरून ओट्यावर ती आठवड्यात आली. धाकटी अजून भिंतीला चिकटलेली, पालीसारखी. थोरली तिला शिकवायचीसुद्धा. "कोपर आत घे गं. अशी नाही. बघ माझ्याकडे." तो आवाज मला खिडकीतून ऐकू यायचा. तोंडात पेढा ठेवून बोलल्यासारखा गोड.

मग थोरली ओट्यावरच अडकली.

स्टुलावर हात ठेवले की दंड थरथरायचे. एका दिवसाच्या व्यायामानं चार दिवस अंग दुखायचं. जिना चढताना कठडा धरावा लागायचा. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी, संध्याकाळी मुलांवर आरडाओरडा. वजन थोडं उतरलं, पण ताकदही उतरली. आणि धाकटी? ती भिंतीवरून ओट्यावर आली, ओट्यावरून स्टुलावर आली. हळूच, गाजावाजा न करता, जशी मांजर एकेक पायरी उतरत दुधाकडे येते तशी. कानामागून आली आणि तिखट झाली, ते असं.

एका सकाळी धाकटीनं बैठकीच्या खोलीत जमिनीवर पहिला जोर काढला. छाती फरशीजवळ गेली आणि सरळ वर आली. तिची मुलगी ओरडली, "आईनं काढला!" सगळे धावले. धाकटीनं पुन्हा एक काढून दाखवला. सासूनं टाळ्या वाजवल्या. थोरलीचा नवरा, ज्यानं बायकोच्या पांढऱ्या बुटांकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, तो म्हणाला, "वा! हिनं तर बाजी मारली की!"

थोरली दारात उभी होती, हातात लाटणं. "छान," ती म्हणाली. फक्त एक शब्द. त्या दिवशी नवऱ्याच्या डब्यातल्या भाजीत मीठ दोनदा पडलं. चुकून, असं ती म्हणते.

तेव्हापासून तिचे खरे हाल सुरू झाले. पोटात भूक कमी आणि मत्सर जास्त. धाकटी पाणी प्यायली तरी थोरलीच्या घशाला आग. धाकटीचे दंड भरले, थोरलीच्या डोळ्यांत भरले. एकदा धाकटीनं वरच्या फळीवरचा जड पत्र्याचा डबा सहज खाली काढून दिला. "थांबा जाऊबाई, मी देते," एवढंच म्हणाली बिचारी. थोरलीनं तो डबा परत वर ठेवला आणि स्वतः खाली काढला. आमची ही तेव्हा तिथेच होती. हसू दाबताना हिला खोकला आला.

"काहीतरी खाते ती," थोरली एके दुपारी आमच्याकडे येऊन म्हणाली. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर तोंडापुढे धरून ऐकत होतो. "एकाच पातेल्यातलं दोघी खातो. मी तिच्यापेक्षा कडक पाळते. मग हिच्या अंगाला लागतं आणि माझ्या नाही? पावडर असणार. फोटोत दाखवतात ना, मोठ्या डब्यातली."

"विचार की तिला," आमची ही म्हणाली.

"मी विचारू? तिला?" थोरलीचा चेहरा असा झाला, जणू तिला धाकटीची चप्पल डोक्यावर घ्यायला सांगितलंय.

विचारणं कमीपणाचं, पण शोधणं चालतं. तिनं धाकटीचं कपाट पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, वॉशिंग मशीनच्या मागे पाहिलं. पावडर नाही. शेवटी फ्रिज. दह्याच्या भांड्यामागे, कोबीच्या आड, एक छोटा स्टीलचा डबा. उघडला. आत उकडलेले चणे, त्यावर दोन उकडलेली अंडी. ना मसाला, ना रस्सा.

थोरलीनं डबा नाकाशी नेला, जणू वासानं गुन्हा कळणार. मग सगळं जुळलं. रात्रीचा स्वयंपाक धाकटीकडे असायचा, सकाळचा थोरलीकडे. म्हणजे ही बया रात्री चणे उकडल्यावर, फोडणीत घालायच्या आधीच, आपला वाटा काढून लपवते! घरच्या पातेल्यातून! मुलांच्या तोंडातून! थोरलीनं डबा होता तसा परत ठेवला. असा पुरावा लगेच वापरायचा नसतो. मुरवायचा असतो. नणंद पुढच्याच आठवड्यात पाहणी करायला येणार होती.

तोवर हातात होता तो डाव. सकाळच्या स्वयंपाकात डाळ तिच्या हातची, आणि दुपारी वाढणारीही तीच. आपल्यात म्हणतात ना, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं. धाकटीची वाढपी ओळखीची होती आणि तिथेच घोटाळा होता. थोरलीनं पातेलं न ढवळता वरवरचं पाणी धाकटीच्या वाटीत सोडलं. पिवळं, पारदर्शक, वाटीचा तळ दिसेल असं. धाकटीनं वाटीत पाहिलं, जावेकडे पाहिलं, उठली, पळी घेतली, तळापर्यंत ढवळलं आणि वाटी भरून घेतली. पुन्हा बसून दह्यात चमचा बुडवला.

"तळाची हवी वाटतं तुला," थोरली म्हणाली.

"हो. डाळ तळाला असते ना, म्हणून."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गंमत बघा, जे पाणी तिनं धाकटीला शिक्षा म्हणून वाढलं, तेच ती स्वतः वर्षानुवर्षं मुकाट्यानं खात होती. सगळ्यांचं झालं की तळाशी चमचाभर दाणे उरायचे. त्यात ती गरम पाणी आणि मीठ घालून "वाढवायची". दुपारी कोणी आगंतुक आलं, की तिच्या वाट्याला आणखी थोडं पाणी. माणशी एक अंडं उकडायची, पण तिचं ताटात येईपर्यंत कोणीतरी "अजून आहे का?" म्हणायचं, आणि ते अंडं चालू लागायचं.

नणंद आली. दुपारचं जेवण, सगळे हजर. थोरलीनं ताटं वाढली, मग फ्रिज उघडला आणि स्टीलचा डबा आणून नणंदेपुढे दाण्णकन ठेवला.

"वन्सं, बघा. घरातलं काढून लपवून खातात आपल्याकडे. मी मात्र उरलंसुरलं खाऊन जोर काढतेय. ही कुठली शर्यत झाली?"

दोघींचे नवरे आपापल्या ताटाकडे बघू लागले. सासूनं घास तसाच हातात धरला. मुलांना वाटलं आता खरी मजा. धाकटीचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही.

"लपवला नाही. मागे ठेवला."

"तेच ते! मागे का ठेवलास?"

"कारण पुढे ठेवला की जातो," धाकटी म्हणाली. "जाऊबाई, रोज रात्री मी दोन डबे भरते. हा माझा. निळ्या झाकणाचा तुमचा. तो पुढेच असतो."

थोरलीचं तोंड उघडं राहिलं. निळ्या झाकणाचा डबा ती रोज सकाळी पाहायची. उरलेले चणे, उरलेली अंडी, वाया कशाला घालवायचं, म्हणून ती ते सरळ मुलांच्या आणि पुरुषांच्या डब्यांत वाटून टाकायची. वर स्वतःची पाठ थोपटायची, किती काटकसरी मी!

"मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही म्हणालात, मला कोणी वाढून द्यायची वेळ अजून आली नाही."

सासूनं घास तोंडात टाकला. "म्हणाली होती," ती चघळत म्हणाली. "मी ऐकलंय."

मला वाटतं, त्या क्षणी थोरलीला चोर सापडला असता तर बरं वाटलं असतं. चोरावर रागावता येतं. पण धाकटीनं आधी ताकद मिळवली, आणि वर पुण्यही तिनंच मिळवलं. आता मत्सर करायचा तरी कोणत्या तोंडानं? तरीही तिनं तो सोडला नाही, हे तिचं कौतुक.

नणंदेनं डबा बाजूला सरकवला. "मोठ्या वहिनी, सकाळपासून काय काय खाल्लं तुम्ही?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे?"

थोरली सांगू लागली. काळा चहा. चिंटुकल्यानं टाकलेली अर्धी पोळी. भाजीची चव बघताना चमचाभर. मुलीच्या ताटलीतला उरलेला भात, पण तो काही खाणं म्हणून मोजायचा नाही. पुन्हा चहा. आता डाळ खाईन. ऐकता ऐकता तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली.

"हे जेवण नाही, झाडलोट आहे," नणंद म्हणाली. "घरभर पडलेलं तुम्ही तोंडानं गोळा करताय."

मुलं फिस्सकन हसली. थोरलीही हसली असती, बोलणं दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर.

मग नणंदेनं पोळीचा तुकडा हातात घेऊनच समजावलं. "जोर काढले की स्नायूवर ताण येतो. तो भरून यायला प्रथिनं लागतात. डाळ, चणे, अंडी, दही, दूध, मासे, जे घरात असेल ते. आणि एकदम एका वेळी नाही, प्रत्येक जेवणात थोडं थोडं. तुमच्या वजनाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम तरी हवीत. एका अंड्यात सहाच्या आसपास असतात, घट्ट डाळीच्या वाटीत सात-आठ. आणि पाण्यात काय असतं?"

"मीठ," सासू म्हणाली.

"आणि भात-पोळी तुम्ही सोडलीत, ती कोणी सोडायला सांगितली? इंधन तेच आहे. ते नसलं की अंग प्रथिनं जाळायला लागतं. म्हणजे भिंत बांधायच्या विटा चुलीत. व्यायामाआधी एखादं केळं खा, नंतर तासा-दोन तासांत नीट जेवा. वेगळा स्वयंपाक नको, वेगळी पावडर नको. सगळ्यांचं तेच तुमचं, फक्त ताटातलं माप बदला. आणि अंधारी येते ना? उद्या डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून या. जेवणावर लगेच चहा ढोसू नका, तासाभरानं घ्या. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी डाळीवर लिंबू पिळा."

"आणि तुकडी?" थोरलीनं एवढंच विचारलं.

नणंद म्हणाली, "महिन्या-दीड महिन्यानं परत येते. तेव्हा दोघींचं बघू."

रक्त तपासलं. लोह कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण खरं औषध वेगळंच होतं. नणंदेचं सगळं व्याख्यान थोरलीच्या डोक्यावरून गेलं असतं, तिला कोणाची शिकवणूक पचत नाही. तिला पचलं ते एकच. धाकटी खात होती, मी नव्हते. ताकदीनं हरले नव्हते, वाटीनं हरले होते. आता तिला जेवढं, तेवढं मला.

दुसऱ्याच दिवशी तिनं बाजारातून एकाच मापाच्या चार वाट्या आणि दोन डबे आणले. तुझ्या वाटीत डाळ किती? कडेपर्यंत. मग माझ्याही कडेपर्यंत. तुझी अंडी दोन? माझीही दोन. तू दही दोनदा घेतलंस? आण इकडे भांडं. धाकटी पहिल्या पंगतीत बसते? मीही बसणार. आणि ती बसली! घरात भूकंप झाला. गरम पोळी कोण वाढणार? नवरा ताटावर बसून वाट बघत राहिला, की आता मीठ येईल. मीठ आलं नाही. तो उठला, पहिल्यांदाच उठला, आणि साखर घेऊन आला.

"डाव्या हाताचा डबा," थोरली घास चावत म्हणाली. हलली नाही.

पोळ्या आधीच लाटून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या असं ठरलं. सासू म्हणाली, "गार पोळीनं कोणी मेलेलं मी पाहिलं नाही." मुलांना "अजून अंडं आहे का?" याचं उत्तर "नाही" असंही असतं, हे कळलं. मुलं दोन दिवस रुसली, मग घरात चार अंडी जास्त उकडली जाऊ लागली.

मत्सर इतका पौष्टिक असतो, हे मला ठाऊक नव्हतं. भूक नसली तरी ती वाटी संपवायची, कारण समोरची संपलेली असायची. धाकटी हे ओळखून होती आणि मधूनच आगीत तेल ओतायची. "जाऊबाई, आज मी तीन चमचे जास्त घेतले हं." की लगेच पळीचा आवाज. आमची ही म्हणते, धाकटी हे मुद्दाम करायची. जावेला जेवू घालायचा तिला तोच एक रस्ता सापडला होता. मला वाटतं, तिला नुसती खोड काढायची होती. दोन्ही खरं असेल.

दोन-तीन आठवड्यांत थोरलीची अंधारी गेली. अंगदुखी चार दिवसांवरून एका दिवसावर आली. ओट्यावरून स्टूल, स्टुलावरून खाली. एका सकाळी घरात कोणी नसताना तिनं स्वयंपाकघरातल्या फरशीवर हात टेकले. मला फक्त डोकं दिसत होतं. ते खाली गेलं. बराच वेळ गेलेलंच राहिलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो. मग डोकं हळूहळू वर आलं, लालबुंद, केस विस्कटलेले, आणि तिनं आजूबाजूला पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून. तिची नजर थेट माझ्यावर. मी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या.

तिनं पडदा ओढून घेतला. त्यानंतरचं मला सासूकडून कळलं.

नणंद आली आणि दोघींना हॉलमध्ये घेऊन गेली. सासू, आमची ही आणि गल्लीतल्या चार-दोन बायका सोबत. पुरुषांना प्रवेश नव्हता, नाहीतर मी आजारी असतो तरी गेलो असतो. आधी धाकटी. पाच काढले, वर दोन आणखी, आणि उठून घाम पुसला. मग थोरली. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसऱ्याला सासूनं श्वास रोखला. चौथा सावकाश, पण सरळ. पाचव्याला ती खाली गेली आणि वर येताना छाती आधी आली, कंबर झोल खाऊन लोंबत मागून आली.

"चार," नणंद म्हणाली.

"पाच! वर आले ना मी?"

"कंबर खाली राहिली, वहिनी."

"हिची नाही राहिली कधी?"

"नाही," धाकटी हळूच म्हणाली. हे तिनं बोलायला नको होतं. पण खरं होतं.

तुकडी धाकटीला मिळाली. थोरलीनं घरी आल्यावर भांडी इतक्या जोरात घासली की आमच्या हिनं खिडकी लावून घेतली. हिनं खिडकी लावली म्हणजे प्रकरण गंभीर. त्यातही नणंदेचं शेवटचं वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं. "मोठ्या वहिनी, चार झाले हेही खूप आहे." खूप! खूप म्हणतात ते हरणाऱ्यालाच.

तुकडी सुरू झाली आणि घरातली व्यवस्था बदलली. धाकटी पहाटे हॉलमध्ये जाणार, दुपारपर्यंत बायकांच्या शंका-कुशंका निस्तरून परतणार. दमून आल्यावर रात्रीच्या स्वयंपाकाला तिच्यानं उभं राहवेना. तेव्हा सासू आणि थोरलीनं संध्याकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. म्हणजे आता डबे भरणारी थोरली. चणे उकडणार ती, फोडणीआधी वाटा काढणार ती. धाकटीचं सकाळचं सगळं बळ जावेच्या पळीत आलं.

पहिल्या संध्याकाळी सासू मुद्दाम ओट्याशी रेंगाळली. काय होतं ते बघायला, दुसरं काय? ती स्वतः सांगते. थोरलीनं पातेलं तळापर्यंत ढवळलं. एक डबा भरला, दुसरा भरला. दोन्ही शेजारी ठेवले. वाकून पाहिलं. धाकटीच्या डब्यात थोडे जास्त वाटले, म्हणून चमचाभर काढले. मग त्यात कमी दिसले, म्हणून ते परत टाकले. अंडी हातात घेऊन तोलली, मोठं अंडं इकडे, लहान तिकडे, पुन्हा तिकडचं इकडे. शेवटी मोठं अंडं धाकटीच्या डब्यात गेलं आणि झाकण लागलं.

सासूला राहवलं नाही. "अगं, एवढी मोजतेस काय? आणि मोठं तिला?"

"हो, तिलाच," थोरली म्हणाली. दोन्ही डबे तिनं फ्रिजमध्ये अगदी पुढे, शेजारी शेजारी ठेवले. "उद्या मी तिला हरवलं तर तिनं म्हणायला नको, की मला खायला कमी होतं. मला ती पोटभर जेवलेलीच हवीय."